शिरोरेषा दुहेरी दिसते, की काना?

*माझं वय ४७, प्राथमिक शाळेत शिकवते. विशीपासून कॉन्टॅक्ट लेन्स वापरते आहे. दोन वर्षांपासून हजेरीपट हात लांब केल्याशिवाय वाचता येईना, म्हणून दहा दिवसांपूर्वी मल्टिफोकल लेन्स घेतल्या. मोबाईल आता छान वाचता येतो. पण वर्गाच्या शेवटच्या बाकापाशी उभी राहिले की फळ्यावरच्या अक्षरांना सावली दिसते आणि रात्री स्कूटरवरून येताना समोरच्या दिव्यांना पिसारा फुटतो. दुकानदार म्हणतात, ‘सवय होईल.’ किती दिवस थांबू? चष्म्याच्या कागदाचा आणि लेन्सच्या डब्यांचा फोटो जोडला आहे.*
*— एक शिक्षिका, कोल्हापूर*

नमस्कार बाई,

फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. नाहीतर मीही ‘सवय होईल’ असंच लिहून मोकळा झालो असतो. तुमच्या सावलीतला काही भाग सवयीने खरंच जाईल. पण काही भाग असा आहे की तो सहा महिने थांबलात तरी हलणार नाही, कारण तो लेन्सच्या निवडीतून आला आहे. कोणता कुठला हे तुम्हाला फळ्यावर एक शब्द लिहून घरच्या घरी, म्हणजे शाळेतल्या शाळेत, ओळखता येईल. त्याआधी ही लेन्स डोळ्यावर काय करते ते समजून घ्या, म्हणजे दुकानात जाऊन नेमकं बोलता येईल.

तुमच्या एखाद्या सहकाऱ्याचा प्रोग्रेसिव्ह चष्मा आठवा. त्याच्या काचेत वर लांबचा नंबर असतो आणि खाली जवळचा. वही तपासताना चष्मा जागेवर राहतो आणि डोळा खाली वळतो, त्यामुळे नजर आपोआप जवळच्या नंबरातून जाते. कॉन्टॅक्ट लेन्समध्ये ही सोय नाही. लेन्स बुबुळावर चिकटलेली असते. डोळा खाली वळला की तीही खाली वळते, आणि तुम्ही कायम तिच्या मध्यातूनच पाहता. म्हणून मऊ मल्टिफोकल लेन्समध्ये दोन्ही नंबर एकाच वेळी बाहुलीसमोर ठेवलेले असतात. बहुतेक कंपन्या मधोमध जवळचा नंबर ठेवतात आणि कडेकडे जाताना तो हळूहळू उतरत लांबचा होतो. तुमच्या डबीवरची लेन्स याच जातीची आहे. काही लेन्समध्ये उलटी रचना असते, मधे लांबचं आणि कडेला जवळचं.

आता फळ्यावर खडूचा एक ठिपका काढला असं धरा. त्यातून निघालेला प्रकाश तुमच्या बाहुलीतून आत जाताना लेन्सच्या दोन्ही भागांतून जातो. कडेच्या भागातून गेलेला प्रकाश पडद्यावर बरोबर एका बिंदूत जमतो. मधल्या भागातून गेलेला प्रकाश मात्र आधीच जमून पुन्हा पसरतो, कारण तिथला नंबर ४० सेंटिमीटरवरच्या हजेरीपटासाठी आहे. म्हणजे तुम्हाला एकाच ठिकाणी दोन ठिपके दिसतात, एक ठसठशीत आणि त्याच्यावर पसरलेला एक फिकट. हजेरीपट पाहताना हेच उलट होतं. मधला भाग नीट काम करतो आणि कडेचा भाग धुकं टाकतो.

हे फिकट वर्तुळ केवढं असतं याचा हिशेब सोपा आहे. मधल्या भागाची रुंदी मिलिमीटरमध्ये घ्यायची, तिला जवळच्या जादा नंबराने गुणायचं आणि वस्तूच्या मीटरमधल्या अंतराने पुन्हा गुणायचं. प्रत्यक्षात नंबर पायरीसारखा नव्हे, उतारासारखा बदलतो, त्यामुळे हा अंदाजच आहे. मधला भाग २ मिलिमीटर, जादा नंबर दीड, फळा ६ मीटरवर. म्हणजे १८ मिलिमीटर. खडूच्या प्रत्येक ठिपक्याभोवती सुमारे पावणेदोन सेंटिमीटरचं फिकट वलय, आणि अक्षर म्हणजे अशा ठिपक्यांची रांगच. तीच सावली. जादा नंबर एकच असता तर वलय १२ मिलिमीटरवर आलं असतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग ज्यांना काहीच त्रास होत नाही त्यांच्या डोळ्यात हे वलय पडत नाही का? पडतं. प्रत्येकाच्या पडतं. मेंदू त्यातलं ठळक चित्र उचलायला आणि फिकट चित्राकडे दुर्लक्ष करायला शिकतो, जसं हमरस्त्याला घर असलेल्या माणसाला गाड्यांचा आवाज ऐकू येईनासा होतो. याला साधारण एक-दोन आठवडे लागतात, तेही लेन्स रोज दिवसभर घातल्या तर. एक दिवस लेन्स, दोन दिवस चष्मा असं केलंत तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पण मेंदू दुर्लक्ष करू शकतो ते मंद आणि सगळीकडून सारख्या धुक्याकडे. एका बाजूला उभ्या राहिलेल्या स्पष्ट दुसऱ्या अक्षराकडे त्याला दुर्लक्ष करता येत नाही. आणि काळ्यावर पांढरं असेल तर फिकट वलयही उठून दिसतं, म्हणून तुम्हाला पुस्तकात सावली जाणवत नाही आणि फळ्यावर जाणवते. अंधारात हेडलाइट हे त्याचंच टोक. दिवा इतका प्रखर आणि भोवताल इतका काळा, की त्या प्रकाशाचा अगदी छोटा वाटा पसरला तरी पिसारा होतो.

बाहुलीचा आकार हा यातला दुसरा खेळाडू. वर्गातल्या उजेडात बाहुली साधारण ३ मिलिमीटरची असेल, तर मधला २ मिलिमीटरचा भाग जवळपास ४४ टक्के प्रकाश घेऊन जातो. रात्री ती ६ मिलिमीटरची झाली तर तोच भाग फक्त ११ टक्के घेतो. म्हणून अंधुक उजेडात या लेन्स लावून औषधाच्या पट्टीवरची तारीख वाचायला गेलात की ती हुलकावणी देते. लेन्स बिघडलेली नसते, दिवा लावा. आणि दुपारच्या कडक उन्हात बाहुली आकसली की जवळपास सगळा प्रकाश मधल्या, जवळच्या भागातून जातो आणि लांबची पाटी धूसर होते. उन्हात गॉगल घालून पाहा. गॉगलमागे बाहुली जरा मोठी होते आणि पाटी परत वाचता येते. ही तक्रार घेऊन आलेल्या कितीतरी लोकांना मी लेन्स न बदलता नुसता गॉगल देऊन परत पाठवलं आहे.

आता तो शब्द. उद्या शाळा सुटल्यावर फळ्यावर तळहाताएवढ्या अक्षरांत ‘मंदिर’ लिहा आणि शेवटच्या बाकापाशी जाऊन उभ्या राहा. या एका शब्दात आडवी शिरोरेषा आहे, उभे दंड आहेत आणि वर अनुस्वाराचा सुटा ठिपका आहे. इंग्रजी अक्षरांच्या तक्त्यापेक्षा सावली पकडायला आपली लिपी कधीकधी जास्त कामाला येते. एक डोळा तळहाताने झाका, पण दाबू नका, दाबलेला डोळा काही वेळ नीट पाहत नाही. दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं पाहा.

सगळ्यात आधी पापणी मिटून उघडा. पापणी मिटल्यावर सावली दोन-तीन सेकंद गेली आणि मग हळूहळू परत आली, तर दोष अश्रूंच्या थरात आहे. चाळिशीनंतर बायकांमध्ये डोळे कोरडे पडणं वाढतं, त्यात पंखा, खडूची धूळ, सर्दीच्या गोळ्या. कोरड्या लेन्सवर कुठलाच नंबर टिकत नाही. अशा वेळी कॉन्टॅक्ट लेन्सवर चालणारे ओलाव्याचे थेंब टाकून पुन्हा पाहायचं, आणि थेंबांनी भागत नसेल तर लेन्सचं मटेरियल बदलायचं, नंबर नाही.

पापणी मिटल्याने फरक पडला नाही, तर अनुस्वाराकडे बघा. ठिपका एकच आहे आणि त्याच्याभोवती सगळीकडून सारखं धुकं आहे, असं असेल तर ते लेन्सच्या रचनेतलं वलय. मेंदू ज्याची सवय करून घेतो ते हेच. ठिपक्याच्या एकाच बाजूला दुसरा ठिपका किंवा शेपूट दिसलं, तर लेन्स बाहुलीच्या मधोमध बसलेली नाही. बुबुळावर मऊ लेन्स बहुधा किंचित कानाच्या बाजूला सरकून बसते, आणि आपली नजर बाहुलीच्या मध्यातून न जाता किंचित नाकाच्या बाजूने जाते. दोघींची तोंडं दोन दिशांना. साध्या लेन्सला याने काही बिघडत नाही, कारण तिचा नंबर सगळीकडे एकच असतो. मल्टिफोकलला मात्र अर्ध्या मिलिमीटरचीही किंमत मोजावी लागते. मी स्वतः चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा या लेन्स घातल्या, त्या संध्याकाळी पौर्णिमा होती, आणि चंद्राला खाली एक धाकटा भाऊ लोंबत होता. दोन आठवडे हट्टाने वाट पाहिली. भाऊ काही घरी गेला नाही. दुसऱ्या बनावटीची, थोडा मोठा व्यास असलेली लेन्स घातली आणि पहिल्याच रात्री चंद्र एकटा.

आता रेषा बघा. ठिपका आडवा, दोन्ही बाजूंना सारखा ताणल्यासारखा दिसतो आणि उभे दंड, काने, दुहेरी किंवा जाड वाटतात, पण शिरोरेषा एकच आणि स्वच्छ राहते, तर प्रकाश आडवा पसरतो आहे. शिरोरेषा दुहेरी आणि दंड स्वच्छ, तर उभा पसरतो आहे. हे सिलिंडर नंबराचं, म्हणजे उभ्या आणि आडव्या दिशेला वेगवेगळ्या लागणाऱ्या नंबराचं, लक्षण. तो लेन्समध्ये दिलेला नसेल तर कितीही सवय केली तरी जात नाही.

एक शेवटची खूण राहिली, ती लेन्सशी संबंधित नाही. उजव्याने एकच शब्द, डाव्याने एकच शब्द, आणि दोन्ही डोळे उघडले की दोन शब्द, असं झालं तर दोन्ही डोळ्यांची दिशा जुळत नाही. लेन्स काढून ठेवा आणि नेत्रतज्ज्ञांकडे जा, आणि हे अचानक सुरू झालं असेल तर त्याच दिवशी.

माझा अंदाज, तुम्हाला डाव्या डोळ्याने काने दुहेरी दिसतील आणि उजव्याने ठिपक्याभोवती सारखं धुकं. हा ज्योतिषाचा भाग नाही, तुमच्या कागदावर लिहिलं आहे. उजवा −४.५०. डावा −४.२५, सिलिंडर −०.७५, अ‍ॅक्सिस ९०. जवळची अ‍ॅड, म्हणजे मघाचा जादा नंबर, +१.५०. आणि डब्या? उजवी −४.५० मीडियम, डावी −४.५० मीडियम.

इथे तीन गोष्टी झाल्या आहेत. पहिली, उजव्या डोळ्याचा चष्म्याचा नंबर जसाच्या तसा लेन्सवर आला. चष्म्याची काच डोळ्यापासून सुमारे १२ मिलिमीटर लांब असते, लेन्स डोळ्यावरच असते, त्यामुळे चारच्या पुढचा मायनस नंबर लेन्समध्ये थोडा कमी करावा लागतो. चष्म्याचा −४.५० म्हणजे लेन्सचा −४.२५. डाव्यात निम्मा सिलिंडर साध्या नंबरात मिळवून लेन्सवर आणला तर उत्तर −४.२५ आणि −४.५०च्या मधोमध येतं. म्हणजे उजवीकडे पाव नंबर मायनस जास्त, डावीकडे त्याच्या निम्मा. लांबचं पाहताना तो जास्तीचा नंबर तुमचा डोळा जोर लावून पेलतो, तुम्हाला कळतही नाही. पण हजेरीपटापाशी तो जवळच्या नंबरातून वजा होतो. तसंही मायनस नंबर असलेल्या माणसाला चष्म्यापेक्षा कॉन्टॅक्ट लेन्सवर वाचताना जास्त जोर लावावा लागतो, तुमच्या नंबराला साधारण पाव. (चष्मा लावणाऱ्या तुमच्या मैत्रिणींना अजून चाळिशी लागली नाही आणि तुम्हाला लागली, याचं थोडं श्रेय त्याला द्या.)

दुसरी गोष्ट याच्यातूनच आली असावी. जवळचं कमी पडतं म्हणून वरची अ‍ॅड. मल्टिफोकल लेन्स बहुतेक दोन किंवा तीन अ‍ॅडमध्येच मिळतात, लो, मीडियम आणि हाय, आणि +१.५० अगदी कुंपणावर बसतो. एका कंपनीच्या तक्त्यात तो लोमध्ये, दुसरीच्या तक्त्यात मीडियममध्ये. कुंपणावर असताना खाली उडी मारायची असते. मघाचा हिशेब आठवा, १८ मिलिमीटरचं वलय आणि १२ मिलिमीटरचं. तिसरी गोष्ट, डाव्या डोळ्याचा पाऊण सिलिंडर साध्या गोल लेन्समध्ये गिळून टाकला आहे. पाऊण ही सोडून देण्याची वरची हद्द. साध्या लेन्सवर ती चालून गेली असती. मल्टिफोकलवर आधीच एक धुकं असताना त्यात दुसरं मिसळलं.

दुकानदारांनी तुम्हाला फसवलं असं मात्र मला वाटत नाही. पहिल्या भेटीत लेन्स घालून तक्ता वाचून घेतला, जवळचं वाचून घेतलं, दोन्ही दिसलं, पैसे घेतले. बहुतेक ठिकाणी एवढंच होतं. मल्टिफोकलचं खरं काम दुसऱ्या भेटीत सुरू होतं, आणि ती भेट मागून घ्यावी लागते.

त्या भेटीत हे करून घ्या. लेन्स डोळ्यात असताना, दोन्ही डोळे उघडे ठेवून, दुकानाच्या दारातून रस्त्यापलीकडची पाटी बघा आणि त्यांना ट्रायल पेटीतली +०.२५ ची काच आधी उजव्या, मग डाव्या डोळ्यासमोर हातात धरायला सांगा. डोळ्यांवर चढवायच्या मोठ्या यंत्रातून नको, त्याच्या आत अंधार होतो, बाहुली मोठी होते आणि सगळं गणित फिरतं. पाटी तशीच दिसत राहिली तर मायनस जास्त आहे हे सिद्ध झालं, लेन्स −४.२५ करा. मग त्याच पेटीतली −०.७५ सिलिंडरची काच अ‍ॅक्सिस ९० वर डाव्या डोळ्यासमोर धरायला सांगा. दुहेरी काने एकावर आले की गुन्हेगार सापडला. अशा डोळ्यासाठी सिलिंडरसह मल्टिफोकल लेन्स मागणीनुसार बनवून मिळते, पण वेळ आणि पैसे दोन्ही जास्त लागतात, म्हणून ती घाईने मागवू नका.

त्याआधी कोणता डोळा लांबचं नेतो ते बघायला सांगा. दोन्ही डोळ्यांनी दूर पाहत असताना +१.०० ची काच आळीपाळीने एकेका डोळ्यासमोर धरायची. ज्याच्यासमोर ती जास्त खुपते तो लांबचा पुढारी. तुमचा पुढारी उजवा निघाला तर काम सोपं आहे. उजव्याला −४.२५ लो, डाव्याला −४.२५ मीडियम. लांबची मोहीम उजवा सांभाळेल, हजेरीपट डावा, आणि डाव्यातला सिलिंडर फळ्यावर फारसा जाणवणार नाही. डावा निघाला तर मात्र ती सिलिंडरवाली लेन्स घेण्याला पर्याय नाही असं समजा. दोन्ही डोळ्यांत वेगळी अ‍ॅड आली की एक नवीन धोका येतो. सकाळच्या घाईत उजवी-डावी अदलाबदल. ‘काल बरं होतं, आज पुन्हा सावली’ म्हणून येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या लेन्स नुसत्या उलट डोळ्यांत असतात. रोज उजवीपासूनच सुरुवात करायची, अपवाद नाही.

बदललेल्या लेन्सवर दोन आठवडे द्या, मागचे दहा दिवस त्यात धरू नका. दोन आठवड्यांनी धुकं सारखं आणि फिकट असेल तर थांबायला हरकत नाही. एका बाजूचं शेपूट किंवा दुहेरी रेषा असेल तर आणखी एक दिवसही थांबू नका, बनावट बदलून मागा. आणि हे सगळं बरोबर जमलं तरी या लेन्स प्रकाश वाटून देतात, वाढवत नाहीत, त्यामुळे काळ्यावरच्या पांढऱ्याची धार तुमच्या जुन्या साध्या लेन्सइतकी येणार नाही. दिवसभर बारीक अक्षर वाचणाऱ्या माणसाला मी त्यांच्याऐवजी साधी लांबची लेन्स आणि वर वाचायचा चष्माच सुचवतो. तुमचं काम फळा आणि हजेरीपट यांच्यात दर दोन मिनिटांनी फिरत असतं, म्हणून तुमच्यासाठी खटपट करावीशी वाटते. पेपर तपासायच्या दिवसांत लेन्सवर +१.०० चा वाचायचा चष्मा चढवलात तर त्यात कमीपणा नाही.

रात्रीची स्कूटर सध्या बंद. पिसारा जाईपर्यंत संध्याकाळी लेन्स काढून चष्म्यावर घरी या. आणि डोळा लाल झाला, दुखला किंवा उजेड सहन होईना, तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवून लेन्स काढा आणि डॉक्टर गाठा. तो नंबरचा प्रश्न नसतो.

दुकानात जाताना लेन्स निदान दोन तास घातलेल्या असू द्या, म्हणजे त्या डोळ्यावर स्थिरावलेल्या असतील. चष्मा आणि त्याचा कागद बरोबर घ्या. आणि मोठ्या अक्षरांत ‘मंदिर’ लिहिलेला एक काळा पुठ्ठा. त्यांच्याकडे बहुतेक इंग्रजी तक्ताच असेल.